वाय-फायचे फक्त नाव बदलले, पासवर्ड तोच ठेवला. कॅमेरा व प्रिंटर जोडण्याबाबत मदत हवी आहे

परवा राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन मी वाय-फायचे नाव `Home_2G` वरून `Sadhana` केले आणि पासवर्ड मुद्दाम तोच ठेवला, कारण घरातली उपकरणे आपोआप जोडली जातील असा माझा समज होता. तो चुकीचा ठरला. उपकरण पासवर्ड नावासकट साठवते, त्यामुळे नवे नाव त्याच्या लेखी अनोळखी नेटवर्कच असते. फोन आणि लॅपटॉपवर नवे नाव निवडून जुनाच पासवर्ड टाकताच काम झाले. मात्र पडदा नसलेला जिन्यातला कॅमेरा आणि प्रिंटर अजूनही जुनेच नाव शोधत आहेत.

कॅमेरा रीसेट करायचा तर शिडी लावावी लागेल (आणि गुडघे साथ देत नाहीत). म्हणून राउटरमधील गेस्ट नेटवर्कला `Home_2G` हे नाव, अक्षरांच्या लहान-मोठेपणासह, तोच पासवर्ड आणि तोच WPA2 प्रकार दिल्यास दोन्ही उपकरणे आपणहून जोडली जातील का? गेस्टवरची उपकरणे मुख्य नेटवर्कपासून वेगळी ठेवली जातात, तेव्हा लॅपटॉपवरून छपाई अडेल, अशी शंका आहे. कोणी असे केले असल्यास कृपया सांगावे.