सरव्याले दान म्हणावं का?

धुऱ्यावरचा_मास्तर
राजेहो, एका शब्दात अडकलो, मदत करा. बी.ए.च्या पोरायले उपयोजित नीतिशास्त्राचं युनिट शिकवतो, त्यात धर्मग्रंथ आणि संपत्ती-गरिबी-दान अशी केस स्टडी बसवायची हाय. बायबलातला लेवीय १९ वा अध्याय घेतला, कापणीच्या वेळी वावराचे कोपरे सोडा, खाली पडलेलं उचलू नका, ते गरिबासाठी अन् परक्यासाठी राहू द्या. मराठी बायबलात तिथं सरळ ‘सरवा’ शब्द हाय. म्हणून मी मथळा टाकला ‘सरवा : दानाचा एक प्रकार’. घरी टाइप करत होतो, माय बाजूले बसून सोयाबीन पाखडत होती, तिनं अर्धी जिंदगी लोकाइच्या वावरात सरवा येचला. तिले वाचून दाखवलं तं म्हणे, “दान कायचं रे? सरवा येचणाऱ्याचा असते. मी का कोणाले मांगाले गेलती?” आता दान नाई तं कोणता शब्द टाकू?

शब्दवेडा_अकोला
दानच बरोबर आहे सर. मूळ धातू ‘दा’, म्हणजे देणे. लॅटिनमधला ‘डोनम’ हा आपल्या दानावरूनच गेला. आणि सरवा हा ‘सरणे’वरून, पीक सरलं की उरतं तो सरवा. मालकाने सोडलं म्हणजे दिलंच ना?

जुनी_पोथी
डोनम आपल्याकडून गेला नाही हो, दोघं भाऊभाऊ आहेत, बापलेक नव्हेत. पण खरा मुद्दा तुमच्या शेवटच्या वाक्यात आहे, सोडलं म्हणजे दिलं का? लेवीयातल्या या दोन ओळींवर यहुदी परंपरेत अख्खं प्रकरण आहे, मिश्ना नावाच्या त्यांच्या जुन्या कायदेग्रंथातलं ‘पेआ’. पेआ म्हणजे कोपरा. तिथं हा माल मालकाचा धरतच नाहीत. कापताना एकदोन कणसं गळली तर ती गरिबाची, तीन एकत्र गळली तर मालकाची. हाताला काटा टोचला म्हणून मूठ सुटली तर ते मालकाचं, कारण ते कापणीच्या ओघात गळलेलं नाही. इतका बारीक हिशोब माणूस दानाचा करत नाही, मालकी कुठं संपते याचा करतो. मास्तर, तुमच्या मातोश्री मिश्ना न वाचता तिथंच पोचल्या.

वावरवाला_७२
तुमी पोथ्या वाचता, मी भोगतो. मागच्या साली तूर सोंगायच्या आधीच बाया आल्या सरव्याले, उभ्या झाडाच्या शेंगा ओरबाडून नेल्या, याले काय म्हणाव? तवापासून मी नियमच केला, जे मजूर माह्या सोंगणीले आले त्याइच्याच बाया सरव्याले येतीन, बाकीच्यायनं धुऱ्याच्या आत पाय ठेवायचा नाई. म्हणजे पुढच्या साली मजूर पण पक्के राह्यतात. हे तं दानच झालं ना, मी देऊनच राह्यलो.

जुनी_पोथी
मास्तर, ही घ्या तुमची केस, आयती चालत आली.

वावरवालाभाऊ, राग मानू नका. उभ्या झाडाच्या शेंगा म्हणजे सरवा नव्हे, सोंगणी झालीच नव्हती, तिथं तुमची तक्रार खरी आहे. पण दुसरी गोष्ट बघा. पेआच्या पाचव्या अध्यायात स्पष्ट आहे की जो गरिबांना येचू देत नाही, किंवा एकाला येऊ देतो अन् दुसऱ्याला अडवतो, तो गरिबांना लुटतो. शब्द लुटण्याचाच आहे. कोणाला मिळावं हे ठरवायचा हात मालकाला दिलेलाच नाही. आणि गीतेच्या सतराव्या अध्यायाने बघायचं तर परतफेडीच्या आशेने दिलेलं ते राजस दान. तुम्ही पुढच्या सालचा मजूर पक्का करताय, म्हणजे गीता त्याला दान तरी म्हणेल, खालच्या पायरीचं. मिश्ना दानही म्हणणार नाही. एकच वावर, एकच तूर, दोन ग्रंथ दोन निकाल देतात, कारण एक देणाऱ्याचं मन बघतो, दुसरा माल कोणाचा ते बघतो.

वावरवाला_७२
मंग पराटीचं काय? मी फरदड ठेवतो, बाया तिथंबी घुसतात.

जुनी_पोथी
कापूस सुटला त्यातून! पेआ लागू व्हायला ते पीक खायचं पाहिजे, राखलेलं, जमिनीतून उगवलेलं, एकदम काढणी होणारं आणि साठवून ठेवायचं. कापूस खात नाहीत आणि तो तीनचार वेचण्यांत निघतो. अंजीर याच एकदम न निघण्यामुळे सुटलं. तूर, सोयाबीन मात्र सापडतात, कडधान्याचं तिथं नाव घेऊन लिहिलंय. तसा हा कायदा मुळात इस्राएलच्या भूमीपुरता, तुमच्या तालुक्यावर नाही.

नसरीन_कारंजा
आमच्याकडे पिकावर उश्र असतो. पावसाच्या पाण्यावर आलं तर दहावा हिस्सा, स्वतः पाणी देऊन आणलं तर विसावा, कारण ओलिताला खर्च लागतो. आमचे अब्बा कोरडवाहूचं अन् विहिरीवरचं पोतं अलग ठेवायचे म्हणून लहानपणापासून पाठ आहे. कुराणात सहाव्या सूरेत शब्द ‘हक’ आहे, कापणीच्या दिवशी त्याचा हक द्या. पण इथं कोणाला द्यायचं हे मालक ठरवू शकतो, म्हणजे ठरलेल्या लोकांमधूनच. त्यामुळे सर, तुमच्या मथळ्यात ‘हक्क’ लिहा.

शब्दवेडा_अकोला
हक्क अरबी आहे. पाठ्यपुस्तकात ‘अधिकार’ हवा. आपल्या भाषेत शब्द असताना उसनवारी कशाला?

नसरीन_कारंजा
भाऊ, वावरवाला स्वतःला कास्तकार म्हणतो, तो शब्द फारसी आहे. त्याला काय म्हणू, कृषीवल? सरव्याच्या बाईला विचारा, अधिकार तर पटवारी साहेबाला असतो, तिला हक्कच असतो.

वावरवाला_७२
😂 कृषीवल नोको, उधारीवर खत नाई भेटाचं.

पवनारची_सून
दान शब्दाला इतकं पण हाकलू नका. पवनारला विनोबा दानाचा अर्थ शंकराचार्यांच्या शब्दांत सांगायचे, दानं संविभागः, म्हणजे सारखी वाटणी. १९५१ मध्ये भूदान सुरू झालं तेव्हा ते भीक नव्हते मागत, घरात पाच पोरं असतील तर मी सहावा, माझा वाटा द्या, असं म्हणायचे. म्हणजे दानाच्या पोटात हक्क आहेच, आपणच त्याला देवळाच्या पेटीत नेऊन ठेवलं.

जुनी_पोथी
हो, पण विनोबांनाही तो अर्थ वेगळा सांगावा लागला हे विसरू नका. नुसतं दान म्हटलं की आजही ऐकणाऱ्याच्या डोळ्यापुढे वरचा हात अन् खालचा हात येतो. हिब्रूत ‘त्झेदाका’ म्हटलं की तो न्यायाच्याच मुळातला शब्द, आपल्याकडे तसा एकच शब्द सापडत नाही.

शब्दवेडा_अकोला
मुळात ‘सरवा’ लिहायचं की ‘सर्वा’? आमच्याकडे सर्वा ऐकलं आहे. मग सर्वांचा तो सर्वा, अशीही व्युत्पत्ती लागते!

पवनारची_सून
काल सरणेवरून होता ना भाऊ?

धुऱ्यावरचा_मास्तर
मथळा तसाच राह्यला बावा, पण केस भेटली, वावरवालाभाऊचं नाव न टाकता घेतो. मायले काट्याची गोष्ट सांगितली, काटा टोचून मूठ सुटली तं मालकाचं. लय हासली. म्हणे, “आमी तं सोंगताना मुद्दाम पाडत जाऊ, मांगून आमचीच पोट्टी सरव्याले येत. मालकाले दिसे, पण तो दुसरीकडं पाहे.” आता हे कुठं बसवू, चोरीत का दानात?

जुनी_पोथी
बायबलातच रूथच्या पुस्तकात, दुसऱ्या अध्यायात रूथ सरवा येचायला येते, तेव्हा वावराचा मालक बवाज आपल्या माणसांना हेच सांगतो, पेंढ्यांतून तिच्यासाठी मुद्दाम थोडं गळू द्या, तिला रागावू नका. फक्त तिथं मालक सांगतो, तुमच्याकडे मजुरानेच केलं. मालक दुसरीकडे बघायचा म्हणता, ते कशात धरायचं हे मलाही सुचेना.

वावरवाला_७२
म्हणजे माह्या वावरातबी पाडतात का काय? आता सोंगणीले मीच उभा राह्यतो.