अनुभव धागा: हातावरचे जांभळे डाग, कातडी पातळ की रक्त पातळ?

खाडीकाठ
अण्णा ७८ वर्षांचे, देवगडजवळ आंब्याची बाग. आठ महिन्यांपूर्वी अँजिओप्लास्टी होऊन स्टेंट बसला, तेव्हापासून अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल चालू आहे. मनगटापासून कोपरापर्यंत दोन्ही हातांवर जांभळे चट्टे येतात. दुखत नाहीत, खाजत नाहीत. गेल्या आठवड्यात उशी झटकताना खालून गोळ्यांचं पाकीट निघालं. सहा दिवस गोळीच घेतली नव्हती! "रगात पाण्यासारखा झालाहा, बंद केलंय," एवढंच उत्तर. तुमच्या घरी असे डाग कुणाला आहेत? ते गोळीचे, की वयाचे, हे तुम्ही कसं ओळखलंत?

गडगा
आमच्या वडिलांना हेच. गोळी रक्त पातळ करते, मग ते कातडीतून झिरपतं, सरळ हिशोब आहे. रक्त गोठायला किती वेळ लागतो ती आयएनआर तपासणी करून घ्या, आकडा वाढला असेल तर गोळी कमी करतील. आणि रोज आवळा द्या, क जीवनसत्त्वाने नसा घट्ट होतात.

सिस्टरताई
मी निवृत्त परिचारिका, नोकरीची शेवटची बारा वर्षं त्वचारोगाच्या ओपीडीत. खाडीकाठ, आधी एक काम करा. आजच अण्णांच्या हृदयाच्या डॉक्टरांना फोन करून सहा दिवसांचं सांगा आणि ते म्हणतील तशी गोळी पुन्हा सुरू करा. नवा स्टेंट आतून झाकला जाईपर्यंत त्यात गुठळी होण्याची भीती असते. हातावरच्या चट्ट्यापेक्षा ती कितीतरी मोठी.

गडगा, तुमचं निम्मं बरोबर. आयएनआर हा वॉरफॅरिन किंवा अ‍ॅसिट्रोम या वेगळ्या प्रकारच्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांसाठी. अ‍ॅस्पिरिन-क्लोपिडोग्रेल प्लेटलेटांना चिकटू देत नाहीत, त्याचा आयएनआरवर काही मागमूस दिसत नाही. तो नॉर्मल आला म्हणून गोळीचा संबंध नाही, असं ठरत नाही.

आता हात बघा. अण्णांचा सदरा खांद्यापर्यंत वर करा आणि दंडाची आतली बाजू हाताच्या बाहेरच्या बाजूशेजारी धरून पाहा. दंड मऊ, गुळगुळीत असेल आणि कोपराखाली कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी, सुरकुतलेली असेल, तर तो पन्नास वर्षांच्या उन्हाचा हिशोब आहे. उन्हाने कातडीखालचा आधार झिजतो, बारीक नसा उघड्या पडल्यासारख्या होतात आणि पेटी उचलताना नुसतं घासलं तरी फुटतात. माणसाला आपटल्याचं आठवतही नाही. चट्ट्यांमध्ये पांढऱ्या, चांदणीसारख्या खुणा दिसल्या तर हे जुनं दुखणं आहे असं समजा.

दुसरी खूण रंगाची. पाय आपटल्यावर पडतो तो डाग निळा, मग हिरवा, पिवळा होत जातो. हा सहसा तसे रंग बदलत नाही. जांभळाच राहतो आणि दोन-तीन आठवड्यांत तपकिरी छटा मागे ठेवून विरतो. बॉलपेनने कडेभोवती रेघ मारा, बाजूला तारीख लिहा. रेघेबाहेर पसरतोय का ते घरच्या घरी कळतं.

गोळी कातडी पातळ करत नाही. पण फुटलेली नस बंद व्हायला वेळ लावते, म्हणून आधी मोहरीएवढा पडणारा डाग रुपयाएवढा पडतो. दोन्ही कारणं एकाच हातावर असतात, हाच घोटाळा आहे.

पोफळी
सिस्टरताई, माझी मुलगी २४ वर्षांची, मांडीवर आपोआप निळे डाग पडतात. हेच का?

सिस्टरताई
नाही हो, वय आणि जागा दोन्ही वेगळ्या. रक्ताची साधी तपासणी प्लेटलेटसकट करून घ्या. पाळीत जास्त जात असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. ताप आला असेल तर आजच जा, आपल्याकडे पावसाळ्यात डेंग्यू आणि लेप्टो दोन्हीत प्लेटलेट खाली येतात.

आगरवाट
उलट बाजूचा अनुभव सांगतो, कारण "वयाचं आहे" म्हणण्यात आम्ही फसलो होतो. आमचे काका गुहागरला, वय ८१. ठोके अनियमित म्हणून अ‍ॅसिट्रोम, आयएनआर २ ते ३ मध्ये ठेवायचा. हातावर डाग सात-आठ वर्षं होते, त्यामुळे नवा दिसला तरी कुणी वळून बघत नव्हतं. मार्च महिन्यात जुलाब लागले, ओळखीच्या माणसाने मेट्रोनिडॅझोल दिली. अ‍ॅसिट्रोम चालू असल्याचं आम्ही सांगितलं नाही, त्याने विचारलं नाही. पाचव्या दिवशी काकूला कमरेवर तळहाताएवढा काळपट डाग दिसला. काका तिथे कशाला आपटलेच नव्हते. सकाळी दात घासताना बेसिनमध्ये लाल, लघवी कोऱ्या चहासारखी. दोन्ही गोळ्या एकत्र आल्याने आयएनआर ७ च्या पुढे! दोन दिवस गोळी थांबवली, व्हिटॅमिन के दिलं, वाचले.

गंमत म्हणजे हातावरचे डाग त्या आठवड्यात नेहमीपेक्षा फारसे वेगळे नव्हते. म्हणून आता आम्ही हात नाही, उघडं अंग बघतो. पोट, पाठ, मांड्या. जिथे ऊन लागत नाही तिथला डाग खरा.

माडावरचो
माका गुडघेदुखीवर एकान पुडी दिल्यान. आठवड्यात धावाक लागलंय! चार महिन्यांनी तोंड सुजला, हातार काळे चट्टे. सून म्हणता, "तुमका कोणी मारल्यान?" डॉक्टरान सांगल्यान, पुडयेत स्टिरॉइड असतला. मी एकदम बंद करतलंय म्हटलंय तर त्यान थांबवल्यान, हळूहळू कमी करूक लावल्यान.

सिस्टरताई
बरं केलंत, ही बाजू राहिलीच होती. दम्याचे स्टिरॉइडवाले पंप वर्षानुवर्षं घेणाऱ्यांचीही कातडी अशी होते. आणि कातडी फाटली तर चिकटपट्टी लावू नका. काढताना तीच कातडी घेऊन येते. उकळून गार केलेल्या पाण्याने धुवा, सुटलेला पापुद्रा कापू नका, ओल्या गॉजने हलकेच जागेवर सरकवा, वर व्हॅसलीन लावलेली जाळी आणि गुंडाळीचं बँडेज. दहा-पंधरा मिनिटं दाबूनही रक्त थांबत नसेल तर दवाखाना.

गडगा
आवळ्याचं काय मग? आमच्यात फरक पडला असं वाटतं.

सिस्टरताई
डाग असाही पंधरवड्यात जातो, मग श्रेय आवळ्याला कसं द्यायचं? खाऊ द्या, आहार खरंच कमी असेल तर उपयोगही होईल. माझा वाद नाही.

खाडीकाठ
त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलले, गोळ्या पुन्हा चालू. दंड आणि हात शेजारी धरून पाहिले, अगदी तुम्ही म्हणता तसे. चांदण्याही आहेत, मी कधी लक्षच दिलं नव्हतं. मग भाच्याच्या लग्नाचा दोन वर्षांपूर्वीचा फोटो मोठा करून पाहिला. अण्णा अक्षता टाकतायत, आणि मनगटावर जांभळा डाग! स्टेंटच्या कितीतरी आधी. फोटो दाखवला तेव्हा गप्प झाले, मग म्हणाले, "तो पेटीचो खिळो लागलेलो."

प्लेटलेट नॉर्मल आल्या. पण लांब बाह्यांचा सदरा घालायला तयार नाहीत, घामट होतं म्हणे. सध्या पेनाच्या दोन रेघा हातावर आहेत. काल एक आंघोळीत पुसून टाकली, परत काढली. पोट आणि पाठ दाखवा म्हटलं की मात्र चिडतात. आईकडून बघून घेते. आगरवाट, काकांना आता कुठलं औषध देताना तुम्ही काय दाखवता? चिठ्ठी ठेवता का खिशात?

आगरवाट
गोळीच्या पाकिटाची कापलेली पट्टी, पाकिटात आधार कार्डाच्या मागे. चिठ्ठी दोनदा धुण्यात गेली.