मदत हवी आहे: समालोचनाच्या मजकुरातून सामन्याचं वळण कसं पकडायचं?

२९ जून २०२४ च्या टी-२० विश्वचषक अंतिम सामन्याच्या समालोचनाचा लिखित मजकूर माझ्याकडे आहे. त्यावरून दीडशे शब्दांचा वृत्तान्त लिहायचाय. अडचण अशी की समालोचक ओरडतात तिथे मजकूर फुगतो. सूर्यकुमारने सीमारेषेवर घेतलेल्या मिलरच्या झेलावर ओळीच्या ओळी आहेत, बुमराच्या सोळाव्या षटकावर मात्र जेमतेम काही.

म्हणून प्रत्येक षटकानंतरचं समीकरण समासात लिहून काढलं. अक्षरच्या पंधराव्या षटकात २४ धावा गेल्या आणि दक्षिण आफ्रिकेला ३० चेंडूंत ३० हव्या होत्या. सोळाव्यात फक्त ४. सतराव्याच्या पहिल्याच चेंडूवर हार्दिकने क्लासेनला बाद केलं, त्यातही ४. अठराव्यात २ धावा आणि यान्सनचा त्रिफळा, एकोणिसाव्यात ४. शेवटच्या षटकात १६ हव्या असताना तो झेल आला.

मला खरं वळण क्लासेनची विकेट वाटते. पण बळी न मिळालेलं सोळावं षटक वेगळं वळण धरावं, की त्याच विकेटची पूर्वतयारी म्हणून एका वाक्यात जोडावं? आणि झेलाला किती जागा द्यावी? वृत्तान्त लिहिणाऱ्यांनी कृपया सांगा.