जुन्या पीसीचा फाईल सर्व्हर: ट्रूनॅस, ओपनमीडियाव्हॉल्ट की सरळ डेबियन?

हळदगल्ली (सांगली): जुना आय३-२१०० पडून आहे, एच६१ बोर्ड, रॅम ४ जीबी. डिस्का तीन: २ टीबी रिकामी, १ टीबीत घरचे फोटो ८०० जीबी, ५०० जीबीत जुनं कायबाय ३०० जीबी, दोन्ही विंडोजवरच्या एनटीएफएस. १२० ची एसएसडी पण आहे. घरातल्या मोबाईल-लॅपटॉपवरनं फोटो दिसले पाहिजेत एवढंच. काय टाकू?

कंदीपेढा: ट्रूनॅस टाक, विषय संपला. फक्त ईसीसी रॅम पाहिजे, नाहीतर झेडएफएस सगळा डेटा खातं.

मिरज_जंक्शन: ईसीसी असली तर चांगलंच, पण नसली म्हणून डेटा खात नाही ओ. अडचण वेगळीच आहे. एक तर ट्रूनॅसला कमीत कमी ८ जीबी रॅम लागते. दुसरं, पूल करताना डिस्का पुसल्या जातात, म्हणजे फोटो आधी दुसरीकडं न्यायला लागणार. आणि या तिन्हींचा रेडझेड१ केला तर हिशोब सगळ्यात लहान डिस्कवर चालतो, साडेतीन टीबीतनं हातात १ टीबीच येणार, त्यात तुझा ११०० जीबी मावतोय कुठं?

तू ओपनमीडियाव्हॉल्ट एसएसडीवर टाक. इन्स्टॉल करताना बाकीच्या डिस्कांच्या साटा केबल काढून ठेव, इन्स्टॉलर अख्खी डिस्क घेतो, चुकून फोटोवाली निवडली गेली तर संपलं. मग २ टीबी ext4 कर, दोन्ही एनटीएफएस डिस्का नुसत्या वाचायला जोड, सगळं २ टीबीवर कॉपी कर, फोटो उघडून बघ, तेव्हाच १ टीबी फॉरमॅट कर. रेडच्या नादी लागू नको, रोज रात्री rsync नं फक्त फोटो २ टीबीवरनं १ टीबीवर जाऊदेत.

सज्जनगड_पायथा: माझ्याकडं चार कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग आहे, त्याला हे चालेल का?

मिरज_जंक्शन: ते चोवीस तास लिहिणारं काम, वेगळा धागा काढा.

कृष्णाकाठ_७२: मी म्हणतो सरळ डेबियन आणि सांबा. ओपनमीडियाव्हॉल्ट खाली डेबियनच आहे, पण smb.conf हातानं बदलली की वेबवरनं पुढचा बदल अप्लाय करताना ती आपली फाईल परत लिहितं, आपण बसतो शोधत. साध्या डेबियनात लिहिलं ते तसंच राहतं.

मिरज_जंक्शन: बरोबर, पण त्याला हातानं लिहायचंच नाहीये. तुम्ही गावाला गेला आणि घरच्यांना नवा युजर पाहिजे असला तर टर्मिनल कोण उघडणार? हळदगल्ली, आधी प्रत्येक डिस्कवर हे बघ:

```
sudo smartctl -A /dev/sdb
```

हळदगल्ली: ५०० वालीत Current_Pending_Sector २४ दाखवतंय, १ टीबीत ०.

मिरज_जंक्शन: मग ५०० ची कॉपी सगळ्यात आधी, चालतीय तोवर. नंतर ती काढूनच टाक. आणि बायोसात Restore on AC Power Loss चालू कर, लाईट जाऊन आली की मशीन आपोआप उठेल. यूपीएस मात्र घेच, लिहिता लिहिता लाईट गेली तर काय होईल सांगता येत नाही.

कृष्णाकाठ_७२: नवा युजर वर्षातनं एकदा लागतो ओ. मी डेबियनच म्हणणार.