मदत हवी आहे: मोजता येतं, पण ‘चार दे’ म्हटलं की मूठभर चिंचोके

ताईंनो, सोलापूर जिल्ह्यात मोहोळकडच्या एका गावात माझी अंगणवाडी आहे. चार वर्षांची एक मुलगी ओळीत मांडलेले पाच चिंचोके एकेकावर बोट ठेवून बरोबर मोजते. लगेच ‘मग किती आहेत?’ विचारलं की पुन्हा एकपासून सुरुवात. ‘मला चार दे’ म्हटलं तर मूठभर देते. म्हणजे बोट आणि आकडा जुळलाय, पण शेवटचा आकडा म्हणजे सगळे मिळून तेवढे, हे अजून डोक्यात बसलेलं नाही. घरचे मात्र शंभरपर्यंत घडाघडा म्हणवून घेतात!

सध्या मी दोन आणि तीनवरच थांबलेय. वडाची तीन पानं मांडते, प्रत्येक पानावर एक खडा ठेवायला सांगते. मग खडे वाटीत टाकून वर हात झाकते आणि ‘वाटीत किती?’ विचारते. तीनपर्यंत जमतं, चार झाले की अंदाजपंचे. तेच खडे लांब लांब मांडले तर ‘जास्त झाले’ म्हणते, पण या वयात ते चालायचंच.

तीनवरून चारवर नेताना तुम्ही कोणता खेळ घेता? झाकलेल्या तीनात तिच्यादेखत एक टाकता, की सरळ चारचा गट दाखवता?

आणखी एक. तीन वर्षांची पोरं चिंचोके नाकातोंडात घालतात, म्हणून त्यांना लिंबाएवढे दगड देते. पण ते पायावर पडतात. तोंडात मावणार नाही असं हलकं काही गावातच मिळेल का?