सी आइस, आइस शीट, आइस शेल्फ… सगळ्यांनाच हिमनग?

सबटायटलवाली: अंटार्क्टिकावरच्या एका माहितीपटाची मराठी सबटायटल्स करतेय. तपासणाऱ्यांनी सी आइस, आइस शीट, आइस शेल्फ सगळं खोडून एकजात "हिमनग" केलंय, वर "हिमनग वितळल्याने समुद्राची पातळी वाढते" असं वाक्य घातलंय. म्हणे लोकांना तेवढाच शब्द माहितीये. सी आइसला समुद्री बर्फ चालेल, पण बाकीच्या दोघांना काय म्हणता तुम्ही?

पेठकर: मुळात हिमनगच चुकीचा. न गच्छति इति नगः, जो जागचा हलत नाही तो नग म्हणजे पर्वत. आणि आपण हा शब्द तरंगत फिरणाऱ्या गोष्टीला लावतो! हिमखंड म्हणा.

कट्ट्यावरचा: काका, दुकानात "दोन नग द्या" म्हणतो त्यातला नग असेल की, बर्फाचा एक नग :)

पेठकर: असल्या व्युत्पत्त्यांनीच भाषेचं वाटोळं झालंय.

विज्ञानवेडा: शब्द राहूदे, वाक्यच चूक आहे. तरंगणारा बर्फ वितळला तर पातळी वाढत नाही, आर्किमिडीज. जमिनीवरचा वितळला तरच वाढते. हिमनगाचा पातळीशी काहीएक संबंध नाही.

दक्षिणवारी: अर्धं बरोबर. समुद्री बर्फ म्हणजे समुद्राचंच पाणी गोठून झालेला थर, बहुतेक ठिकाणी एक ते तीन मीटर जाड, तो वितळला तर पातळीत फरक नगण्य. पण हिमनग मुळात जमिनीवर पडलेल्या बर्फाचा असतो. त्या बर्फाचा जमिनीवरचा जाड थर म्हणजे शीट. तो बर्फ आपल्याच वजनाने हजारो वर्षं समुद्राकडे सरकत येतो, पुढे तळ सोडून तरंगायला लागतो, तो तरंगता भाग म्हणजे शेल्फ आणि त्याचा तुकडा पडला की हिमनग. पाणी वाढतं ते बर्फ जमीन सोडून तरंगायला लागतो तेव्हाच, वितळायची वाटसुद्धा बघत नाही. नंतर हिमनग वितळतो तेव्हा त्याचा हिशोब आधीच चुकता झालेला असतो.
उदाहरण, 2017 च्या जुलैमध्ये लार्सन सी शेल्फपासून सुटलेला ए-68 हिमनग. साधारण 5,800 चौ. किमी, वजन अंदाजे एक लाख कोटी टन. एवढा बर्फ जमिनीवरून नव्याने समुद्रात आला असता तर जगभर पातळी पावणेतीन मिलिमीटरच्या आसपास वाढली असती (360 अब्ज टनांना एक मिमी धरतात). पण तो आधीपासूनच तरंगत होता, म्हणून तुटला त्या दिवशी वाढ शून्य.

विज्ञानवेडा: म्हणजे मी म्हटलं तेच ना, वितळल्यावरही शून्य.

दक्षिणवारी: अगदी शून्य नाही. हिमनग गोड्या पाण्याचा, समुद्र खारा आणि जड, त्यामुळे बर्फ पाण्याखाली जेवढी जागा अडवतो त्यापेक्षा त्याच्या वितळलेल्या पाण्याला दोन-अडीच टक्के जास्त जागा लागते. ए-68 पुरतं बोलायचं तर मिलिमीटरचा दहावा हिस्सासुद्धा नाही.

मालवणी_माणूस: हय आमच्याकडे देवबागला उधाणाचा पाणी घरापर्यंत येता आणि तुम्ही मिमी मोजतास?

दक्षिणवारी: देवबागला वाळू वाहून जाते, धूप होते, तो वेगळा विषय आहे. पातळी वाढली की त्यात भर पडते हे खरं. आणि पातळी काही फक्त बर्फाने वाढत नाही, समुद्राचं पाणी तापून फुगतं त्याचाही मोठा वाटा आहे.

सबटायटलवाली: अहो शब्द! शेल्फ तरंगतच असेल तर माहितीपटात तो तुटल्याचं एवढं टेन्शन का घेतलंय?

दक्षिणवारी: कारण तो मागच्या हिमनद्यांना अडवून धरतो. 2002 मध्ये लार्सन बी काही आठवड्यांत फुटला, त्याने स्वतः पाणी वाढवलं नाही, पण त्याच्यामागच्या हिमनद्या कितीतरी पट वेगाने समुद्रात उतरायला लागल्या, आणि ते पाणी मात्र मोजावं लागतं. म्हणून शीट आणि शेल्फला एकच शब्द वापरलात तर सगळी गोष्टच बोंबलते. आपलं पहिलं स्टेशन दक्षिण गंगोत्री शेल्फवरच होतं, बर्फाखाली गाडलं गेलं, दुसरं स्टेशन मैत्री मग खडकावर बांधलं. आम्ही आपले शेल्फच म्हणायचो, मराठी शब्द कोणी काढलाच नाही.

कट्ट्यावरचा: हिमओटा! घराला लागून, पुढे आलेला. आणि आइस शीट म्हणजे हिमचादर.

पेठकर: दोन-तीन किलोमीटर जाडीची चादर? हिमस्तर म्हणा. आणि ओटा तत्सम नाही, हिमला जोडता येणार नाही.

कट्ट्यावरचा: रेल्वेगाडी कशी जोडली मग?

सबटायटलवाली: हिमस्तर घेते. ओटा तपासणारे पास करतील असं वाटत नाही, शेल्फच ठेवू का?

पेठकर: रेल्वेगाडी हा शब्द मला मान्यच नाही, त्यावर वेगळा धागा काढतो.

मालवणी_माणूस: ओट्याक आमच्याकडे पडवी म्हणतत.