ग्राहक सेवेच्या हिंदी सूचनांत प्रत्येक वेळी ‘कृपया’ हवे का?

प्रश्नकर्ती, ठाणे: एका गॅस वितरकाच्या ग्राहक सेवेसाठी, फोनवर ऐकू येणाऱ्या ध्वनिमुद्रित हिंदी सूचना मी लिहीत आहे. पहिला मसुदा असा होता: ‘यदि आप अपना सिलेंडर बुक करवाना चाहते हैं, तो कृपया एक दबाएँ।’ तो लांब वाटतो, पण ‘कृपया’ काढले तर उद्धटपणा होईल का?

संहितालेखक: ‘सिलेंडर बुक करने के लिए, एक दबाएँ’ एवढे पुरेसे आहे. आदर ‘दबाएँ’ या क्रियापदातच आहे. ‘दबाओ’ म्हटले असते तर गोष्ट वेगळी होती. ‘कृपया’ एकदा सुरुवातीच्या वाक्यात घ्यावे, कारण पाच पर्यायांत पाच वेळा आले की ऐकणारा कामाच्या शब्दापर्यंत उशिरा पोहोचतो. शिवाय ‘चाहते हैं’ हे पुल्लिंगी रूप आहे आणि फोन करणारी पुष्कळदा घरातली बाई असते. ‘के लिए’ वापरले की तो प्रश्नच उरत नाही.

नागपूरकर: मी सहमत नाही. माझ्या वडिलांना असे तुटक बोलणे हुकूम दिल्यासारखे वाटते. आणि आकडा आधी सांगावा, म्हणजे बोट तयार राहते.

संहितालेखक: वडिलांचे म्हणणे आवाजाच्या चढउताराबाबत खरे आहे, त्यासाठी ध्वनिमुद्रण सावकाश करावे. आकडा मात्र नंतरच हवा, कारण तो आधी सांगितला तर काम आपले आहे की नाही हे कळेपर्यंत तो लक्षात ठेवावा लागतो. खरा घोटाळा विरामात होतो. ‘एक दबाएँ’ नंतर न थांबता ‘शिकायत के लिए, दो दबाएँ’ म्हटले, तर कानाला ‘एक दबाएँ शिकायत के लिए’ असे ऐकू येते आणि तक्रार करणारा एक दाबून बुकिंगमध्ये शिरतो. म्हणून ‘के लिए’ नंतर अगदी थोडे आणि ‘दबाएँ’ नंतर त्याहून स्पष्ट थांबावे. कागदावर हा दोष दिसत नाही. मसुदा कोणाला तरी फोनवरून ऐकवावा आणि ती व्यक्ती कोणते बटण दाबते ते पाहावे.

वाचक, पुणे: मुळात मराठी सूचना का नाहीत?

प्रश्नकर्ती, ठाणे: मराठी आधी येतेच, दादा, हा हिंदीचा भाग आहे.

माजी कर्मचारी: मराठी माणसाने एक जपावे. मी एकदा घाईत ‘तकरार दर्ज करने के लिए’ लिहिले होते. हिंदीत तकरार म्हणजे भांडण, आणि ध्वनिमुद्रण झाल्यावर ते उत्तर प्रदेशातल्या सहकाऱ्याने दाखवून दिले. तिथे ‘शिकायत’च हवे.

नागपूरकर: ते मान्य. तरीही ‘दबाएँ’ऐवजी ‘दबाइए’ अधिक आपुलकीचे वाटते, हे मी सोडणार नाही.

संहितालेखक: ‘दबाइए’ चूक नाही. मला ते पाच वेळा ऐकताना जड वाटते, इतकेच.

प्रश्नकर्ती, ठाणे: दोन्ही रूपे ध्वनिमुद्रित करून उद्या माझ्या सासूबाईंना फोनवर ऐकवते.